चावी काढली, तरी गाडी जागीच

नवी बॅटरी टाकून दोन महिनेही झालेले नसतात. शनिवारी दुपारी गाडी सोसायटीत लावली, सोमवारी सकाळी आठला चावी फिरवली, तर बॉनेटखालून नुसती टकटक. बॅटरीवाला मीटर लावतो, अकरा व्होल्टही भरत नाहीत म्हणतो आणि नव्या बॅटरीचा भाव सांगतो. वॉरंटी असेल तर बदलून देतो. जुनी बायबॅकमध्ये जाते. नवी आली की दोन महिने पुन्हा सगळं सुरळीत, आणि मग पुन्हा एक सोमवार येतो.

अशा गाडीत बहुतेक वेळा बॅटरीचा दोष नसतो. मालकाला विचारलं तर तो आधी नाही म्हणतो, मग आठवून सांगतो की हो, मध्ये मोठा स्टिरिओ बसवला होता, डिक्कीत वूफर आणि त्याचा अँप्लिफायर आहे, पुढे फॉग लाइट लावलेत, हॉर्नही बदललाय. ‘सगळं डायरेक्ट बॅटरीवरून घेतलंय, गाडीच्या वायरिंगला हात लावलेला नाही,’ असंही तो अभिमानाने सांगतो, कारण दुकानदाराने त्याला तसंच सांगितलेलं असतं.

दुकानदाराचं हे वाक्य निम्मं खरं आहे. अँप्लिफायरला करंट बॅटरीवरूनच द्यायला हवा. गाडीच्या फ्यूज बॉक्समधली वायर त्यासाठी फार बारीक असते. प्रश्न असतो तो वाक्याच्या उरलेल्या भागाचा. बॅटरीवरून निघालेल्या त्या वायरवर फ्यूज कुठे आहे, आणि चावी काढल्यावर ते उपकरण बंद व्हायचा हुकूम त्याला कुठून मिळतो?

एका ओळखीच्या गृहस्थांची छोटी पेट्रोल हॅचबॅक घेऊ. बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, म्हणजे ढोबळमानाने एक अँपिअर करंट ३५ तास पुरवेल एवढी. ऑटो इलेक्ट्रिशियनने तपासणी सुरू केली तीच वेगळ्या टोकाकडून. सकाळी रात्रभर बंद असलेल्या गाडीची डिक्की उघडून त्याने अँप्लिफायरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर तळहात ठेवला. बाकी डिक्कीचा पत्रा गार होता आणि पट्ट्या कोमट. ‘साहेब, हा रात्रभर झोपलेलाच नाही,’ एवढंच तो म्हणाला. कुठलंही मीटर न लावता ही परीक्षा कुणालाही करता येते. गाडी बंद करून चार-सहा तासांनी अँप्लिफायर, स्टिरिओची मागची बाजू आणि बॉनेटखाली नंतर बसवलेले रिले हाताने चाचपायचे. आजूबाजूच्या वस्तूंपेक्षा जे गरम लागेल, ते करंट पितंय. कडक उन्हात उभ्या गाडीवर मात्र हे करू नये, तेव्हा सगळंच गरम असतं.

मग त्याने मीटर काढलं. गाडी बंद असताना बॅटरीतून किती करंट जातोय ते मोजायचं असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवून, ती केबल आणि बॅटरीचं टोक यांच्या मध्ये मीटर बसवावं लागतं, म्हणजे बाहेर जाणारा सगळा करंट मीटरमधूनच जाईल. मीटरची लाल पिन दहा अँपिअरच्या भोकात असायला हवी. मीटर जोडलेलं असताना चावी फिरवून गाडी सुरू करायची नाही. स्टार्टर शंभराच्या वर अँपिअर खेचतो आणि मीटरच्या आतला फ्यूज क्षणात जातो. अनेकांची मीटर अशीच ‘बिघडलेली’ असतात.

पहिल्याच आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही या मोजणीतली खरी गोम. आजच्या गाड्यांमधले छोटे संगणक चावी काढल्यावर लगेच निजत नाहीत. दार उघडलं, बॅटरी जोडली, रिमोट जवळ आला की पुन्हा जागे होतात. म्हणून दार उघडं ठेवायचं असेल तर त्याचं कुलूप पेचकसने दाबून दार लागलंय असं गाडीला भासवायचं, बटणवाल्या गाडीची चावी घरात नेऊन ठेवायची आणि अर्धा तास थांबायचं. सुरुवातीला मीटर दोन-तीन अँपिअर दाखवतं, मग टप्प्याटप्प्याने उतरतं. निरोगी गाडी शेवटी ५० मिलिअँपिअरच्या, म्हणजे ०.०५ अँपिअरच्या आत येऊन थांबते. घड्याळ, सेंट्रल लॉक आणि अलार्म एवढ्यावर भागतात.

ही गाडी ०.७३ वर थांबली.

आता हिशेब मांडू. शनिवारी दुपारी दोन ते सोमवारी सकाळी आठ म्हणजे ४२ तास. ०.७३ गुणिले ४२ म्हणजे साधारण ३० अँपिअर-तास. पस्तीसच्या बॅटरीतून तीस गेले की स्टार्टर फिरवायला काय उरणार? आठवड्याच्या इतर दिवशी रात्रीचे बारा तास धरले तर जेमतेम नऊ अँपिअर-तास जात, आणि ऑफिसच्या जाण्या-येण्यात अल्टरनेटर त्यातले बरेचसे भरून काढी. म्हणून सोमवार ते शुक्रवार दुखणं दिसत नव्हतं, आणि नवी बॅटरी दोन महिने टिकत होती. लेड-अॅसिड बॅटरी पुन्हा पुन्हा खोलवर उतरली आणि तशीच राहिली, की प्लेटांवर कडक सल्फेट साचतं आणि तिची साठवण कमी होत जाते. आधी तीस अँपिअर-तास गेल्यावरही कशीबशी गाडी सुरू करणारी बॅटरी नंतर वीस गेल्यावरच हात टेकते.

इलेक्ट्रिशियनने पुढे अँप्लिफायरचा फ्यूज काढला. मीटर ०.२८ वर आलं. मग स्टिरिओचा काढला, ०.०३. हा क्रम महत्त्वाचा होता. त्याने आधी स्टिरिओचा फ्यूज काढला असता तर आकडा एका झटक्यात ०.०३ वर आला असता, सगळा दोष स्टिरिओच्या माथी बसला असता, आणि अँप्लिफायर निर्दोष ठरला असता. कारण या दोघांमध्ये एक बारीक वायर असते आणि सगळा घोळ तिथेच होता.

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंच्या मागे ठरावीक रंगांच्या वायरी असतात. पिवळी बॅटरीचा कायमचा सप्लाय घेते, त्यावर घड्याळ आणि तुम्ही लावून ठेवलेली स्टेशनं जिवंत राहतात. लाल वायरवर चावी फिरवल्यावरच सप्लाय यायला हवा, तिच्यावरून स्टिरिओला कळतं की आता जागं व्हायचं. काळी अर्थ. आणि एक निळी, पांढऱ्या रेघेची वायर असते, तिला रिमोट म्हणतात. स्टिरिओ चालू झाला की तो या वायरवरून अँप्लिफायरला बारा व्होल्ट पाठवतो, आणि अँप्लिफायर त्या इशाऱ्यावर उठतो. जाड वायरवरून बॅटरी त्याला चोवीस तास जोडलेली असली, तरी निळ्या वायरवर इशारा नसेल तोवर तो जवळपास काहीच खात नाही.

या गाडीत लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून टेप मारलेली होती. चावीवर येणारी वायर डॅशबोर्डमागे सापडली नसेल, किंवा शोधायचा कंटाळा आला असेल. त्यामुळे स्टिरिओच्या दृष्टीने चावी कायमच लावलेली. मालक रोज उतरताना बटण दाबत, पडदा काळा होई, आणि त्यांना वाटे बंद झाला. आत अँड्रॉइड चालूच होतं, निळ्या वायरवर बारा व्होल्ट होते, आणि आवाज नसलेला अँप्लिफायर ०.४५ अँपिअर घेत पट्ट्या कोमट ठेवून बसलेला होता. आवाज शून्य असला तरी अशा अँप्लिफायरचे ट्रान्झिस्टर तयारीत उभे असतात आणि तेवढा करंट लागतोच. मोठे अँप्लिफायर नुसते जागे राहायला एक अँपिअरच्या वरही घेतात.

काही दुकानांत याहून सोपा उद्योग चालतो. अँप्लिफायरवर बारा व्होल्टचा स्क्रू आणि रिमोटचा स्क्रू शेजारी-शेजारी असतात, त्यांच्यात दोन बोटांचा वायरीचा तुकडा टाकतात. निळी वायर डिक्कीपर्यंत ओढायची मेहनत वाचते, अँप्लिफायर जन्मभर जागा राहतो. आपल्या गाडीत असं आहे का, हे बघायला फक्त डिक्कीतलं झाकण काढावं लागतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची होती. फ्यूज बॉक्समध्ये चावी काढल्यावर शून्य आणि पहिल्या खटक्यावर बारा व्होल्ट दाखवणारी जागा मीटरने शोधली. त्या फ्यूजच्या जागी फ्यूज टॅप बसवला. हा छोटा दुहेरी होल्डर असतो, त्यात मूळ फ्यूजही राहतो आणि नव्या वायरचा स्वतंत्र फ्यूजही बसतो. त्यावरून लाल वायर घेतली, पिवळी एकटी कायमच्या सप्लायवर ठेवली. अर्ध्या तासाने मीटर ०.०३ वर आलं. मूळ वायरिंग सोलून त्यावर नवी वायर गुंडाळायची पद्धत अजून सर्रास दिसते. टॅप असताना तिची गरज नाही, आणि पुढे सर्व्हिस सेंटरमध्ये वॉरंटीवरून वाद झालाच तर सोललेली वायर तुमच्या विरुद्ध जाते.

बॅटरी उतरणं इथे संपलं. पण त्याच गाडीत याहून गंभीर गोष्ट होती, आणि तिच्यामुळे कधी गाडी बंद पडली नव्हती, म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली अँप्लिफायरची लाल वायर बॉनेटमधून, पत्र्याच्या भोकातून, पायदानाखालून डिक्कीत गेली होती. सुमारे साडेचार मीटर. तिच्यावर बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता.

‘अँप्लिफायरवर ३० चा फ्यूज आहे ना,’ असं मालकांचं म्हणणं. आहे, पण तो वायरीच्या पलीकडच्या टोकाला आहे. त्या फ्यूजचं काम अँप्लिफायर आतून शॉर्ट झाला तर तोडायचं. वायर मध्येच कुठे पत्र्याला घासून सोलली, तर करंट बॅटरीतून निघून त्या जागी पत्र्यात उतरतो आणि डिक्कीतल्या फ्यूजपर्यंत पोचतच नाही. बॅटरी तेव्हा काही शे अँपिअर देऊ शकते. वायर लाल होते, प्लास्टिक वितळतं, आणि ती गालिच्याखालून गेलेली असते. आपल्याकडे यात उंदरांचीही भर आहे. पावसाळ्यात उभ्या गाड्यांच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरतात आणि वायरींचं प्लास्टिक कुरतडतात, हे कुठल्याही सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा.

म्हणून फ्यूज उपकरणासाठी असतो ही समजूत सोडायला हवी. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी असतो. तो पॉझिटिव्ह टोकाच्या जितका जवळ तितका चांगला, फार तर वीतभर ते हातभर अंतरावर. त्याच्या अलीकडचा वायरीचा तुकडा कुणीही सांभाळत नसतो, म्हणून तो आखूड हवा आणि त्यावर जाळीदार किंवा प्लास्टिकची नळी हवी. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर गाडीच्या कंपनांनी पत्र्याची धार वायर कापत राहते.

फ्यूज कितीचा? या गाडीत अँप्लिफायर सलग २०० वॅट देणारा. डब्यावर छापलेले हजार-दोन हजार वॅट विसरून जायचे, माहितीपत्रकात आरएमएस म्हणून लिहिलेला आकडा धरायचा. या जातीचा अँप्लिफायर घेतलेल्या विजेपैकी ६० टक्क्यांच्या आसपासच आवाजासाठी देतो, बाकी पट्ट्या तापवतो. म्हणजे २०० साठी तो सुमारे ३३० वॅट घेणार. इंजिन चालू असताना सुमारे १३.८ व्होल्ट मिळतात, त्याने भागलं की २४ अँपिअर. त्याला ३० चा फ्यूज आणि आठ गेजची, म्हणजे सुमारे आठ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर. इथे बाजारातली एक फसवणूक सांगायला हवी. स्वस्त किटमधली जाड दिसणारी वायर पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असते आणि तेवढ्याच जाडीत कमी करंट वाहते. टोक सोलून नखाने किंवा ब्लेडने एक तार खरवडली की आतला पांढुरका धातू दिसतो.

अर्थची वायर तेवढ्याच जाडीची, आखूड, आणि रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर घट्ट बोल्ट केलेली हवी. काही नव्या गाड्यांत, विशेषतः सिग्नलला आपोआप इंजिन बंद करणाऱ्या गाड्यांत, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर एक सेन्सर बसवलेला असतो. आपली अर्थ थेट त्या टोकावर घेतली तर जाणारा करंट सेन्सरला दिसत नाही आणि बॅटरीचा अंदाज चुकतो. त्या गाड्यांत अर्थ बॉडीलाच द्यायची.

आता पुढच्या दिव्यांकडे. या गाडीत फॉग लाइटला रिले होता, तरी चूक होतीच. रिले म्हणजे मुकादम आणि हमाल एकाच डबीत. बारीक करंटने मुकादम हुकूम देतो, जाड करंटचं ओझं हमाल वाहतो. पायांवर आकडे छापलेले असतात. ३० वर फ्यूजमधून आलेला बॅटरीचा सप्लाय, ८७ वरून दिव्यांना, आणि ८५, ८६ ही आतल्या कॉइलची दोन टोकं. कॉइल दीडशे मिलिअँपिअरच्या आसपास घेते, म्हणून डॅशबोर्डवरचं नाजूक बटण तिला पुरतं. ५५ वॅटचे दोन दिवे मिळून नऊ अँपिअर घेतात, ते त्या बटणातून नेले असते तर बटण वितळलं असतं.

चूक होती कॉइलच्या सप्लायमध्ये. इलेक्ट्रिशियनने रिले बसवताना ३० वरूनच छोटी जोडणी करून बटणाला सप्लाय दिला होता. सोपं पडतं, वायर ओढावी लागत नाही. पण मग चावी खिशात असतानाही बटण दाबलं की दिवे लागतात, आणि रात्री तसेच राहिले तर दोन-तीन तासांत गाडी सुरू होत नाही. धुक्यात घाटातून उतरून हॉटेलसमोर गाडी लावणाऱ्याला उन्हात दिवे दिसतही नाहीत. बटणाची ती एक वायर ३० वरून काढून पार्किंग लाइटच्या सप्लायवर टाकली की काम झालं. आता पार्किंग लाइट चालू असतील तेव्हाच फॉग लागतात, आणि पार्किंग चालू ठेवून दार उघडलं की बहुतेक गाड्या ओरडून सांगतात. जाड करंटचा रस्ता जसा होता तसाच राहिला, फक्त हुकूम कुठून यायचा ते बदललं. रिले बसवताना पाय खाली ठेवावेत, नाहीतर पावसाचं पाणी सॉकेटमध्ये साचून पाय गंजतात.

हॉर्नची गोष्ट थोडी वेगळी. हॉर्नमुळे बॅटरी उतरल्याची तक्रार होते, पण हॉर्न दाबल्याशिवाय करंट घेत नाही, आणि रिलेची कॉइलही बटण दाबेपर्यंत निवांत असते. रिलेचे आतले संपर्क चिकटून बसले तर हॉर्न वाजतच राहतो, ते सगळ्या गल्लीला कळतं. हॉर्नमध्ये खरं नुकसान उलट्या चुकीने होतं, म्हणजे रिले न बसवता जुन्याच वायरवर जोडी जोडण्याने. दोन विंडटोन हॉर्न मिळून दहा अँपिअरच्या आसपास घेतात, मूळ एका हॉर्नच्या दुपटीहून जास्त. जुन्या गाडीत स्टिअरिंगमधले संपर्क जळतात. एअरबॅग असलेल्या गाडीत हॉर्नचा इशारा स्टिअरिंगच्या आतल्या गुंडाळलेल्या पातळ पट्टीवरून येतो, त्याच पट्टीवर एअरबॅगच्याही वायरी असतात. तो भाग महाग आहे आणि तिथे प्रयोग करायचे नाहीत. मूळ हॉर्नला येणारी वायर फक्त कॉइलला द्यावी, हॉर्नांना बॅटरीवरून १५ चा फ्यूज आणि रिले. बाकी, सूर बदलणारे आणि कर्कश हॉर्न १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११९ व्या नियमाने बंद आहेत, रिले कितीही नीट बसवला तरी.

दुरुस्तीनंतर बॅटरी तशीच गाडीत ठेवून ‘फिरवली की भरेल’ म्हणणं या गृहस्थांच्या अंगाशी आलं असतं. तीस अँपिअर-तास उतरलेली बॅटरी शहरातल्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या फेऱ्यांत पूर्ण भरत नाही. ती काढून तीन-चार अँपिअरच्या चार्जरवर रात्रभर लावली आणि काढल्यावर काही तास तशीच ठेवून मग मोजली. १२.६ व्होल्ट आले, म्हणजे ती भरली होती आणि अजून चार्ज धरत होती. चार्ज करूनही १२.२ च्या आसपास थांबली असती, तर ती अर्धीच भरते आहे असं समजून बदलावी लागली असती.

शेवटी बॅटरीजवळच्या नव्या होल्डरमध्ये ३० चा फ्यूज बसवला. बसवताना बारीक ठिणगी पडली. अँप्लिफायरमधले कपॅसिटर भरताना ती पडते, घाबरायचं कारण नाही. पुढे कधी हा फ्यूज उडाला, तर खिशात ४० चा असला तरी तो घालायचा नाही. आधी डिक्कीतली वायर अँप्लिफायरपासून सोडवून तिचं टोक नीट टेप करायचं आणि ३० चाच दुसरा लावून बघायचा. तोही लगेच उडाला, तर वायर वाटेत कुठेतरी पत्र्याला लागली आहे, गालिचा उचलावा लागेल. टिकला आणि अँप्लिफायर जोडताक्षणी उडाला, तर बिघाड अँप्लिफायरच्या आत आहे. आणि फक्त आवाज वाढवल्यावरच उडत असेल तर स्पीकर जास्त जोडलेत. तेव्हा एखादा स्पीकर कमी करायचा, किंवा अँप्लिफायर तेवढ्या भाराचा आहे याची खात्री करून मग वायर आणि फ्यूज दोन्ही एकदम मोठे घ्यायचे.